हंडा कोण उचलणार?

भाचीच्या सासरी पाणी एक दिवसाआड येतं. पहाटे पाचला येतं आणि पाऊण तासात जातं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नळ खाली अंगणात आणि घर वरच्या मजल्यावर. दहा हंडे वर चढवले की दोन दिवस निभतात. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यात घरात पेढे आले, सासूबाईंनी दृष्ट काढली, चाकणच्या कारखान्यात असलेल्या जावयांनी फोनवर ‘स्वतःला जप’ असं तीनदा बजावलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हंडे तिनंच भरले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. ते काम तिचं, हे इतकं गृहीत होतं की काळजीच्या गोष्टींमध्ये ते कुणाला आठवलंच नाही.

गरोदर बाईला घरानं आधार द्यावा याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. दुमत आहे ते आधार म्हणजे नेमकं काय यावर, आणि तेही उघडपणे बोललं जात नाही. बहुतेक घरं हा प्रश्न खाऊ घालण्यावर आणि गोड बोलण्यावर भागवतात. गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर पुण्याच्या आसपास, गोव्यात आणि शेजारच्या नेपाळमध्ये जे अभ्यास झाले ते एकत्र ठेवून वाचले, की मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मनाचा आधार आणि कामाचा आधार असे दोन कप्पे करता येत नाहीत. तिच्या अंगावरचं कोणतं काम कोणी, किती वाजता उचललं, यावर तिच्या मनाचंही बरंच ठरतं.

पाण्याचंच बघू. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास केला. तो ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ म्हणून जगभर ओळखला जातो. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांच्या गटानं त्यात या बायकांचा आहार आणि त्यांची कामं दोन्ही नोंदवली. शेतातलं काम, घरकाम, पाणी आणणं, सगळं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं. ज्या बायकांच्या अंगावर कामाचा भार जास्त, त्यांचं स्वतःचं वजन कमी वाढलं आणि त्यांची बाळं थोडी लहान भरली. दुसरा निष्कर्ष आहाराचा होता. एकूण किती कॅलरी पोटात गेल्या यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला.

या निष्कर्षांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. हा निरीक्षणाचा अभ्यास होता. जिला जास्त राबावं लागतं ती बहुधा गरीबही असते, आणि संशोधकांनी हिशेबात ते वजा करायचा प्रयत्न केला तरी ते पूर्णपणे वजा होत नाही. शिवाय काम वाईट असा याचा अर्थ नव्हे. चालणं, हलकं घरकाम, ऑफिसला जाणं यांनी साधारण गरोदरपणात काही बिघडत नाही. उलट ‘पाय खाली ठेवू नकोस’ म्हणत बाईला नऊ महिने पलंगावर ठेवण्याचा फायदा कुठेही सिद्ध झालेला नाही. पडून राहिल्यानं स्नायू ढिले पडतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणखी एक सांगायला हवं, कारण घरात त्यावरून फार दुखावलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला तर निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. ‘तू त्या दिवशी बादली उचललीस ना’ हे वाक्य बहुतेकदा चुकीचं असतं, आणि बाई ते आयुष्यभर विसरत नाही. हंडा उतरवायचा तो या भीतीपोटी नाही. तिच्या अंगातली ताकद पायऱ्यांवर खर्च होऊ नये, एवढंच त्याचं कारण.

भाचीच्या घरी हा तिढा कसा सुटला ते सांगते, कारण तो सहज सुटला नाही. मी गेले तेव्हा सासूबाईंना म्हटलं, हंडे आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवेत. त्या म्हणाल्या, “अहो, मी दोन्ही वेळेला नवव्या महिन्यापर्यंत विहिरीवरून पाणी आणलं.” यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या खरंच बोलत होत्या, आणि त्यांच्या वेळी कुणी हंडा उचलला नाही ही त्यांची स्वतःची जुनी सल त्यात होती. मी विचारलं, “तेव्हा कुणी घेतला असता तर बरं वाटलं असतं ना?” त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी कळलं, धाकट्या दिराला त्यांनीच पाचला उठवायला सुरुवात केली होती. गरोदरपणात सुनेचं काम उतरवायचं असेल तर आदेश सासूकडून निघावा लागतो. नवऱ्यानं परस्पर फर्मान काढलं की ‘बायकोच्या कह्यात गेला’ असं होतं, आणि त्याचा राग फिरून सुनेवरच निघतो. म्हणून नवऱ्याचं पहिलं काम म्हणजे आईशी बोलणं. बायकोच्या देखत नाही, आणि बायकोच्या नावानं नाही.

उलट्यांचे दिवस लवकर येतात आणि घरं तेव्हाच सगळ्यात बेसावध असतात. पोट दिसत नसतं, तेव्हा ‘हिला काय झालंय’ असा सूर असतो. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास जोरात असते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. वासानं ती उफाळते, आणि आपल्या स्वयंपाकघरात वास म्हणजे फोडणी. या दोन महिन्यांत फोडणी दुसऱ्यानं घालायची, लसूण-कांदा परतताना तिनं बाहेरच्या खोलीत असायचं, एवढं केलं तरी त्रास कमी होऊ शकतो. सकाळी उठायच्या आधी उशाशी कुरमुरे किंवा टोस्ट असावेत. ते खाऊन दहा मिनिटं पडावं, मग उठावं. दिवसातून तीनदा ताटभर जेवण्यापेक्षा सहा वेळा मूठ-मूठ. मात्र पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरायला लागलं असेल, तर ते ‘सगळ्यांना होतं’ राहत नाही. त्याला सलाईन आणि औषध लागतं. हे ओळखायचं काम घरातल्यांचं आहे, कारण तिच्यात तेव्हा ‘मला दवाखान्यात न्या’ म्हणायचीही शक्ती नसते.

आता गोळ्यांकडे येते, कारण माझ्या मते नवऱ्यानं हातात घ्यावं असं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हे आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन 11च्या खाली असलं की गरोदरपणात ते कमी धरतात, 7च्या खाली गेलं तर धोका गंभीर. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान 180 घ्यायच्या असतात. त्याच पाहणीनुसार 180 दिवस किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतलेल्या बायका होत्या फक्त 26 टक्के. म्हणजे गोळी घरापर्यंत पोचते आणि तोंडापर्यंत पोचत नाही. मधलं अंतर कपाटापासून पाण्याच्या ग्लासापर्यंतचं आहे, आणि तिथे सरकार येऊ शकत नाही.

भाचीचं हिमोग्लोबिन चौथ्या महिन्यात 9.4 होतं. अशा वेळी रोज दोन गोळ्या देतात आणि महिन्यानं पुन्हा तपासतात. महिन्यात साधारण एक ग्रॅमनं वाढ अपेक्षित असते. तिचं झालं 9.6. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळ्या घेत नाहीस वाटतं.” ती रडकुंडीला आली, कारण ती घेत होती. मग आम्ही बसून तिचा दिवस तासातासानं उलगडला. लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर. तिच्या पाठोपाठ कॅल्शियमची, कारण दोन्ही पाकिटं एकाच डब्यात. शौचाला त्रास होतो म्हणून दुसरी गोळी एक दिवसाआड. आणि शौच काळं होतं त्याची भीती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

यातली प्रत्येक गोष्ट साधी आहे, आणि प्रत्येक गोष्टीनं लोह वाया जात होतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगात शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि लोह एकत्र गेले की लोह मागे पडतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. दुधाचंही तेच. लिंबू, आवळा, पेरू यांच्यातल्या क जीवनसत्त्वानं मात्र लोह जास्त शोषलं जातं. काळं शौच हा गोळी अंगाला लागत नसल्याचा पुरावा नाही, आजारही नाही. उरलेल्या लोहाचा तो रंग आहे. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका, आणि तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेणं. परस्पर बंद करणं नाही.

घरानं नवी घडी बसवली. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणानंतर. रात्रीचं जेवण साडेआठला, आणि साडेदहाला लिंबूपाण्याबरोबर लोहाची एक गोळी. दुसरी दुपारी चारला, चहा सोडून. लिंबू चिरून झाकून ठेवायचं काम सासूबाईंनी घेतलं. जावयांनी आधी रोज फोनवर ‘घेतलीस का’ विचारायला सुरुवात केली. ती मला म्हणाली, “मावशी, हे विचारतात तेव्हा वाटतं सुपरवायझर बोलतोय.” त्यांना ते कळलं, किंवा तिनं सांगितलं असावं. मग ते दर रविवारी घरी आले की पाकिटं बघून पुढच्या आठवड्याच्या आणून ठेवायला लागले. फरक बारीक वाटतो, पण पहिल्यात ती जबाबदार आणि ते तपासनीस होते. दुसऱ्यात ते स्वतः कामात होते. पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन 10.6 आलं, सातव्यात 11.1.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सल्ल्याची टंचाई नाही. एवढंच की ‘दोन जिवांचं खा’ हा हिशेब चुकीचा आहे. दुसऱ्या तिमाहीपासून लागतात त्या दिवसाला सुमारे 350 कॅलरी जास्त; म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. अडचण प्रमाणाची नसते, क्रमाची असते. ज्या घरात सगळ्यांचं झाल्यावर सून बसते तिथे उसळीचा रस्सा उरतो, उसळ नाही. तिचं ताट आधी वाढायचं किंवा सगळ्यांनी एकत्र बसायचं, इतकाच यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. उपवास आणि ग्रहण हे दोन प्रसंग मात्र घरातल्या मोठ्यांनी स्वतः हाताळावेत. ग्रहणात काही तास पाण्याविना आणि न हलता बसवून ठेवल्यानं बाळाचं काही भलं होत नाही. तहान आणि चक्कर मात्र खरी असते. तिला ‘नाही’ म्हणायला लावण्यापेक्षा सासऱ्यांनी ‘आमच्याकडे हे करत नाहीत’ म्हटलेलं बरं.

आता मन. 2002 साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलमध्ये नाव घातलेल्या 252 बायकांना त्यांनी गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत गाठलं. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 59 जणींना, म्हणजे जवळजवळ चौथ्या भागाला, नैराश्य होतं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. या 59 पैकी 78 टक्के बायका गरोदरपणातच मनानं आजारी होत्या. ज्याला आपण बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो, ते बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणाआधीच घरात, सगळ्यांच्या देखत सुरू झालेलं असतं. त्याच्या मुळाशी काय सापडलं? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी होणं. मुलगी झाली म्हणून बाईचं मन आपोआप खचत नाही. नऊ महिने कानावर काय पडलं त्याचा तो हिशेब असतो.

इथे मला डोहाळजेवणाबद्दल बोलायचं आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सातव्या महिन्यात बायकांनी तिच्याभोवती जमणं, हे सगळं मला मनापासून आवडतं. गरोदरपणात बाईला मध्यभागी बसवणारा दुसरा सोहळा आपल्याकडे नाही. पण त्यात दोन झाकलेल्या वाट्या येतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला की मुलगा, टाळ्या जोरात. बर्फी निघाली की ‘असू दे, लक्ष्मी आली’. त्या ‘असू दे’मध्ये सगळं आलं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, 1988 साली कायदा केला. केंद्राचा कायदा 1994चा. दवाखान्यात जे विचारायला बंदी आहे ते आपण हॉलमध्ये खेळ म्हणून विचारतो. भाचीच्या डोहाळजेवणात सासूबाईंनी दोन्ही वाट्यांत पेढेच ठेवले. मला ते सुधारणेपेक्षा पळवाट वाटलं, पण दोन्हीकडे बर्फी ठेवण्याइतकी हिंमत माझ्यात तरी होती का, असंही वाटलं.

उदास होणं आणि नैराश्य यांत घरच्यांनी फरक कसा करायचा? गरोदरपणात रडू येतं, चिडचिड होते, आणि दुसऱ्या दिवशी ती हसतही असते. पण दोन आठवडे सलग बहुतेक वेळ मन खाली असेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोपायला वेळ असूनही झोप येत नसेल, ‘मी वाईट आई होणार’ असं ती म्हणत असेल, तर ते वेगळं आहे. जगभर यासाठी दहा प्रश्नांची ‘एडिंबरा’ प्रश्नावली वापरतात. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नवऱ्यानंही तो सरळ विचारावा. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जातो हा गैरसमज आहे. उत्तर हो आलं तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. आणि एक कटू गोष्ट. काही घरांत बाईला भीती नवऱ्याचीच असते. तिथे ‘नवऱ्याला सामील करा’ हा सल्ला घातक ठरतो. तिथे आधार माहेरचा आणि कायद्याचा.

हीच मर्यादा नवऱ्यांवरच्या अभ्यासांतही दिसते. 2007 साली काठमांडूतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. काही गरोदर बायकांना नवऱ्यासोबत बसवून माहिती दिली, काहींना एकटीला, काहींना अजिबात नाही. नवऱ्यासोबत ऐकलेल्या बायकांच्या घरी बाळंतपणाची तयारी जास्त झाली आणि त्या नंतरच्या तपासणीलाही जास्त गेल्या. पण दवाखान्यात बाळंत होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे नवरा खुर्चीत येऊन बसला की सगळं सुधारतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पुरुषांना सामील करण्याची शिफारस करते ती एका अटीवर, की बाईचा स्वतःचा निर्णयाचा हक्क त्यात हिरावला जाऊ नये. तपासणीच्या खोलीत बरेच नवरे प्रश्नांची उत्तरं बायकोच्या वतीनं देतात. जावयांना मी सांगितलं होतं, प्रत्येक तपासणीत पाच मिनिटं स्वतःहून बाहेर जा. काही गोष्टी तिला फक्त डॉक्टरांशी बोलायच्या असतात.

जावई बारा तपासण्यांपैकी चारच गाठू शकले. कारखान्यातली रजा हा अडसर खरा आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातल्या कामगाराला तशी रजा देणारा कायदा नाही. म्हणून रजा कुठे खर्च करायची हे आधी ठरवावं लागतं. त्यांनी ठरवलं: एक पहिली, एक पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, एक सातव्यातली, आणि एक शेवटची. बाकीच्या वेळी सासूबाई. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, ती तारीख त्यांनी फोनमध्ये लावून ठेवली होती. फाईलमध्ये काय आहे हे नवऱ्याला तोंडपाठ असावं: रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, शेवटचं ब्लडप्रेशर, बाळंतपणाची तारीख. तिचा गट निगेटिव्ह असेल तर त्यानं आपलाही गट तपासून द्यायचा असतो, कारण त्यावर सातव्या महिन्यातलं एक इंजेक्शन ठरतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिच्यात शहाणपण आहे. तिथे तिला सून म्हणून उठावं लागत नाही. पण आरोग्याच्या बाजूनं या रीतीत एक भोक आहे. सात महिने एका डॉक्टरनं पाहिलेली बाई शेवटचे दोन महिने अनोळखी दवाखान्यात जाते, आणि कागद अर्धे सासरच्या कपाटात राहतात. माहेरी जायचं तर आठवा लागायच्या आत जावं, माता-बाल संरक्षण कार्डासह सगळी फाईल न्यावी आणि पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडे नाव घालावं. जायच्या आधी नवऱ्यानं आपल्या सासू-सासऱ्यांसोबत बसून बोलावं. आठ दिवसांनी कोण येणार हे नव्हे, तर रात्री दोनला काय करायचं, हे.

रात्री दोनचा प्रश्न मी मुद्दाम घेतला. 1994 साली सेरीन थडियस आणि डेबोरा मेन यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन उशीर असतात असं मांडलं: घरात निर्णय घ्यायला लागलेला, दवाखान्यात पोचायला लागलेला, आणि तिथे उपचार मिळायला लागलेला. तिसरा सरकारच्या हातात. दुसरा निम्मा. पहिला पूर्णपणे घराच्या हातात, आणि त्याचं आपल्याकडचं रूप म्हणजे ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द.

जावयांनी माहेरच्या भिंतीवर एक कागद लावला होता. त्यावर लिहिलं होतं की यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे काजवे, चेहरा-हात अचानक सुजणं, झटका, बाळाची हालचाल कमी झालेली वाटणं. खाली फोन नंबर: 108, आणि तो लागला नाही तर गल्लीतल्या जीपवाल्याचा. जायचं कुठे, त्या हॉस्पिटलचं नाव. मग ‘निर्णय कोण घेणार’: तिचे वडील, ते नसतील तर आई, कुणाला विचारायचं नाही. रोख पैसे कुठल्या डब्यात. शेवटी तिच्याच गटाचं रक्त देऊ शकणाऱ्या दोघांची नावं, तिचा एक चुलतभाऊ आणि जावयांचा कारखान्यातला मित्र. माझे भावजी, म्हणजे भाचीचे वडील, हसले होते. म्हणाले, “अहो, लग्नाच्या याद्या केल्या नाहीत एवढं हे.”

सदतिसाव्या आठवड्यात, रात्री सव्वा एकला, तिचं डोकं ठणकायला लागलं. दोन दिवस पाय सुजलेले होतेच, त्याला सगळ्यांनी उन्हाळा म्हटलं होतं. माझ्या बहिणीनं कपाळाला बाम चोळला आणि म्हणाली, “झोप, सकाळी दाखवू.” भाची म्हणाली, डोळ्यांपुढे चमकतंय. भावजी उठून भिंतीपाशी गेले आणि त्यांनी दिवा लावला. नंतर त्यांनी मला सांगितलं, कागद नसता तर मीही सकाळीच म्हटलं असतं. तिची आई अनुभवी, मी कोण बोलणार. अडीचला ते हॉस्पिटलात होते. ब्लडप्रेशर 160 वर 110, लघवीत प्रथिनं. झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली आणि कळा आणायचं ठरलं.

प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक बाई असू द्यावी असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2016 साली सांगितलं आहे, आणि खासगीपणा राखता येत असेल तिथे नवऱ्यालाही. सोबत कुणी सतत असलं की कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी लागतात, हे अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. या हॉस्पिटलात एकीलाच परवानगी होती. माझी बहीण घाबरून गेली होती, म्हणून सासरहून जीपनं आलेल्या सासूबाई आत गेल्या. विहिरीवरून पाणी आणलेल्या. अकरा तास त्या तिची कंबर चोळत होत्या, असं नर्सनं सांगितलं. मुलगी झाली, 2.8 किलो.

रक्त लागलं नाही. पण ज्या दोघांची नावं कागदावर होती, त्यांतला चुलतभाऊ पहाटे चारपासून हॉस्पिटलच्या पायरीवर बसून होता, आणि चाकणहून जावई आले ते त्या मित्राला मोटारसायकलवर मागे बसवून.